नकाशातील नावे : अक्षरलेखन आणि मांडणी

शालेय प्रकल्पासाठी हाताने काढलेल्या नकाशात नदीची वळणे चुकत नाहीत, कारण ती छापील नकाशावरून बिंदूबिंदूने उतरवून घेतलेली असतात. रंगही बहुधा नीट भरलेला असतो. नकाशा बिघडतो तो शेवटच्या तासाभरात, नावे लिहिताना. गावाचे नाव नदीवर चढते, नदीचे नाव रस्त्याला चिकटते आणि दोन गावांच्या मधोमध लिहिलेले तिसरेच नाव कोणाचे आहे, हे काढणाऱ्याखेरीज कोणालाही कळत नाही. चित्रातील रेषा काय आहे हे नाव सांगते. पण ते कोठे आणि कशा अक्षरात लिहिले आहे, यावरून वाचक त्याचा अर्थ लावतो. म्हणून नावाची जागा आणि अक्षराचे वळण हे नकाशाच्या मजकुराचेच भाग होत.

या विषयावर जगभर प्रमाण मानला गेलेला लेख स्वित्झर्लंडचे नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. नाव आपल्या वस्तूजवळच असावे, वाचकाला ते कशाचे आहे हा प्रश्न पडू नये आणि नावाने नकाशातील इतर मजकूर कमीत कमी झाकावा, हे त्यांचे मुख्य म्हणणे कोणत्याही लिपीस लागू पडते. परंतु त्यातील बारीकसारीक नियम रोमन लिपी समोर ठेवून केलेले आहेत. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी राहतात. देवनागरी अक्षरे वरच्या शिरोरेषेला लोंबतात. रोमन लिपीत लहान आणि मोठी अशी दोन प्रकारची अक्षरे आहेत. देवनागरीत तसा भेद नाही. या फरकांमुळे मराठी नकाशात काही नियम बदलावे लागतात, तर काही अगदी उलटे करावे लागतात. प्रस्तुत पाठात एका प्रत्यक्ष नकाशाच्या आधारे ते पाहावयाचे आहे.

निवडलेला प्रदेश

उदाहरणासाठी सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग घेतला आहे. उत्तरेस महाबळेश्वर आणि वाई, दक्षिणेस कराड, पश्चिमेस सह्याद्रीचा माथा आणि पूर्वेस कोरेगाव अशी त्याची मर्यादा. कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या परिसरात उगम पावतात. कृष्णा आग्नेयेकडे वाहत वाईवरून साताऱ्याच्या पूर्वेस येते. तेथे माहुलीजवळ तिला वेण्णा मिळते, आणि मग ती दक्षिणेकडे वळते. कोयना मात्र सह्याद्रीला समांतर, जवळजवळ सरळ दक्षिणेकडे जाते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेस वळते आणि पाटणवरून कराडला पोहोचते. कराडला या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात व तेथून प्रवाह पूर्वेकडे जातो. नद्या, घाट, धरण, महामार्ग आणि लहानमोठी गावे हे सर्व थोड्या जागेत एकत्र आल्यामुळे नावे लिहिणाऱ्याची येथे खरी परीक्षा होते.

नकाशाचे प्रमाण एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, म्हणजे १ : २,५०,००० धरले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अंशपत्रकांचे प्रमाण हेच असल्याने रेषा मोठ्या-लहान न करता थेट उतरवून घेता येतात. महाबळेश्वर ते कराड हे उत्तर-दक्षिण अंतर कागदावर सुमारे २८ सेंटिमीटर भरते, आणि समास सोडूनही नकाशा ३८ × २८ सेंटिमीटरच्या चित्रकलेच्या कागदावर मावतो.

पेन हाती घेण्यापूर्वी एक काम करावे लागते. महाराष्ट्राबाहेरच्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांतील नकाशा मिळतो. त्यावरून नावे मराठीत आणताना अक्षरे फसवतात. जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण मेढा आहे. रोमन अक्षरांवरून ते सहज ‘मेधा’ होते. तारळी नदीचा ‘ळ’ हरवून ‘तराली’ होते, वेण्णेचा ‘ण’ जाऊन ‘वेन्ना’ उरते आणि सातारा हिंदी वळणाने ‘सतारा’ लिहिले जाते. नाव कितीही सुबक लिहिले, तरी ते चुकीचे असेल तर त्या सुबकपणाने चूकच अधिक ठळक होते. म्हणून सर्व नावांची यादी प्रथम वेगळ्या कागदावर करून मराठी पुस्तकांशी किंवा मराठी जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावी.

अक्षराची उंची

देवनागरी अक्षराची उंची मोजताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे अंतर धरले जाते. पण नाव व्यापते ती जागा त्याहून बरीच जास्त असते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात. पायाखाली उकार आणि ऋकार येतात. अक्षर ४ मिलिमीटर उंचीचे असेल, तर वर दोन आणि खाली दोन मिलिमीटर मोकळे ठेवावेच लागतात. म्हणजे चार मिलिमीटरच्या अक्षराला आठ मिलिमीटर जागा लागते. इंग्रजी नकाशातील नावांच्या ओळी पाहून तेवढ्याच अंतरावर मराठी नावे लिहू गेल्यास एका नावाचा उकार दुसऱ्याच्या वेलांटीत अडकतो, तो या कारणाने. कच्च्या आराखड्यात प्रत्येक नावासाठी अक्षराच्या दुप्पट उंचीचा चौकोन पेन्सिलीने आखून पाहिला, तर ही अडचण आधीच दिसते.

इंग्रजी नकाशात मोठ्या शहराचे नाव सगळे मोठ्या लिपीत लिहून दर्जा दाखवता येतो. मराठीत तो मार्ग बंद असल्याने उंची आणि जाडी या दोनच गोष्टी हाती उरतात. प्रस्तुत नकाशात तीन पायऱ्या पुरेशा आहेत. जिल्ह्याचे ठिकाण सातारा ६ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, ०.८ मिलिमीटर टोकाच्या पेनने. वाई, महाबळेश्वर, मेढा, पाटण, कोरेगाव आणि कराड ही तालुक्यांची ठिकाणे ४ मिलिमीटर उंचीची, ०.५ च्या पेनने. पाचगणी, कोयनानगर, उंब्रज, हेळवाक यांसारखी इतर गावे ३ मिलिमीटरची, ०.३ च्या पेनने. चार आणि साडेचार मिलिमीटर असा फरक ठेवण्यात अर्थ नाही. हाताने लिहिताना तेवढी चूक आपोआपच होते, आणि मग वाचकाला पायरी दिसत नाही, केवळ अक्षर गचाळ दिसते.

येथे एक निर्णय उघडपणे घ्यावा लागतो. दर्जा कशावरून ठरवायचा, प्रशासनावरून की लोकसंख्येवरून? मेढा हे तालुक्याचे ठिकाण असले, तरी आकाराने कराडच्या जवळपासही येत नाही. वरील पद्धतीत मात्र दोघांना सारखेच अक्षर मिळते. प्रकल्पाचा विषय प्रशासकीय विभाग असेल तर हे योग्य आहे. बाजारपेठा असेल तर मुळीच नाही. जी कसोटी लावली ती चिन्हसूचीत एका ओळीने लिहावी, म्हणजे मेढा मोठे का दिसते याचे उत्तर नकाशातच मिळते. लांब नावे उगीचच मोठी वाटतात, हीदेखील एक गंमत आहे. ‘महाबळेश्वर’ आणि ‘वाई’ एकाच उंचीत लिहिली, तरी पहिले नाव जवळपास तीन सेंटिमीटर पसरते आणि दुसरे एका सेंटिमीटरच्या आसपासच संपते. याला उपाय नाही; वाईची अक्षरे मोठी करून तो करू नये.

गावाचे चिन्ह आणि गावाचे नाव

रोमन लिपीत गावाच्या ठिपक्याच्या उजवीकडे, किंचित वर, ही नावाची सर्वांत चांगली जागा समजली जाते. वाचणारी नजर डावीकडून ठिपक्यावर येते आणि तशीच पुढे नावावर सरकते. हे मराठीलाही लागू आहे. उजवीकडे वर जागा नसेल तर उजवीकडे खाली, मग डावीकडे वर, मग डावीकडे खाली, असा क्रम लावावा. ठिपका आणि पहिले अक्षर यांत दीड-दोन मिलिमीटर अंतर पुरते.

यानंतर इमहोफ यांच्या लिपीत जी जागा चालून जाते, ती देवनागरीत धोक्याची ठरते. ठिपक्याच्या बरोबर खाली नाव लिहिले, तर तो ठिपका शिरोरेषेवर येऊन बसतो आणि अनुस्वार म्हणून वाचला जातो. ‘कोरेगाव’च्या ‘गा’वर गावाचा ठिपका आला की नाव ‘कोरेगांव’ होते. ही जुन्या लेखनातील ओळखीची पद्धत असल्याने वाचकाला ती चूकही वाटत नाही; त्याला फक्त गाव कोठे आहे ते सापडत नाही, कारण गावाचे चिन्ह नावाने गिळलेले असते. ‘पाटण’चे ‘पांटण’ झाले तर निदान शंका तरी येते. ठिपका शिरोरेषेच्या नेमक्या पातळीवर, नावाच्या आधी आला, तर तो शिरोरेषेची गाठ वाटतो. नावाच्या खाली आलेला ठिपका हिंदी वाचकाला नुक्त्यासारखा दिसतो.

यावर दोन उपाय करावेत. गावासाठी भरीव ठिपका न वापरता आतून मोकळे वर्तुळ काढावे; दोन मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ अनुस्वाराशी सहसा गोंधळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणासाठी दुहेरी वर्तुळ घेता येते. दुसरा उपाय म्हणजे नाव वर्तुळाच्या थेट खाली न लिहिणे. अगदीच जागा नसेल, तर वर्तुळ आणि शिरोरेषा यांत पूर्ण अक्षराएवढे अंतर सोडावे.

नदीकाठच्या गावाला आणखी एक बंधन असते. गाव ज्या काठावर आहे, नाव त्याच काठावर लिहावे. नाव नदी ओलांडून पलीकडे गेले की गावही पलीकडे आहे असे वाचले जाते. समुद्रकाठच्या गावांची नावे मात्र समुद्रात लिहिण्याची पद्धत आहे. रत्नागिरीचे नाव पाण्यावर आले, तरी शहर पाण्यात आहे असे कोणी समजत नाही. उलट ते किनाऱ्यावर आहे हे त्यातून कळते, आणि जमिनीवरची गर्दी कमी होते.

आता सातारा. वर्तुळाच्या उजवीकडे वर नाव लिहू गेल्यास सहा मिलिमीटरच्या अक्षरांतील ‘सातारा’ सुमारे सव्वादोन सेंटिमीटर लांब होते. माहुलीचा संगम पूर्वेस अंदाजे पाच किलोमीटरवर, म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटरवर आहे. नावाचा ‘रा’ कृष्णेत जातो, आणि मधल्या जागेतून महामार्ग व वेण्णाही जातात. उजवीकडील दोन्ही जागा याच कारणाने बाद होतात. पश्चिमेस कासच्या पठाराकडे डोंगराळ, तुलनेने मोकळा भाग आहे. म्हणून सातारा हे नाव वर्तुळाच्या डावीकडे वर लिहावे. डावीकडे लिहिताना शेवटचे अक्षर वर्तुळाजवळ यायला हवे. त्यासाठी नाव आधी वेगळ्या कपट्यावर लिहून त्याची लांबी मोजावी लागते. अंदाजाने डावीकडून सुरुवात केली, तर ‘रा’ वर्तुळावर आदळतो किंवा त्याच्यापासून सेंटिमीटरभर दूर थांबतो.

कराडचा प्रश्न याहून अवघड आहे. शहर दोन नद्यांच्या मधल्या कोनात, संगमाच्या नैऋत्येस आहे. पूर्वेस लगेच कृष्णा, उत्तरेस कोयना. तिकडे नाव लिहिले तर काठाचा नियम मोडतो. राहिला पश्चिमेचा व नैऋत्येचा भाग. पण तेथून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो, आणि तो शहराच्या इतक्या जवळून जातो, की दीड सेंटिमीटर लांबीचे ‘कराड’ त्याला ओलांडल्याशिवाय मावत नाही. सर्व अटी पाळणारी जागाच नसेल, तेव्हा कोणती अट मोडल्याने वाचकाची सर्वांत कमी फसगत होईल, हे पाहावे लागते. नाव नदीपार नेले, तर वाचकाला चुकीची माहिती मिळते. नाव लहान केले, तर दर्जाची पायरी खोटी ठरते. नावाखालून रस्त्याची रेषा तशीच नेली, तर ‘रा’चा ‘ट’ झाल्यासारखा काहीतरी घोटाळा होतो. यांपेक्षा महामार्गाची रेषा नावापुरती तोडावी. नावाच्या दोन्ही बाजूंस एकेक मिलिमीटर मोकळी जागा सोडून रस्ता थांबवावा आणि पलीकडून त्याच दिशेने पुढे न्यावा. रस्ता त्या टप्प्यात जवळजवळ सरळ असल्याने डोळा तुटलेला भाग स्वतःच जोडून घेतो. नदीच्या बाबतीत ही युक्ती करू नये; वळणाचा तुकडा गळला की वाचक तो मनाने भरू शकत नाही, आणि संगमाजवळ तर प्रवाह कोठून कोठे जातो हेच हरवते.

नदीचे नाव

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत पाणी निळ्या रंगात आणि त्याची नावेही निळ्याच रंगात असतात. तिरपे अक्षर पाण्यासाठी राखून ठेवण्याची पद्धतही नकाशाशास्त्रात जुनी आहे. हाताने काढलेल्या नकाशात रंगावर एकट्याने विसंबू नये. प्रकल्पाची छायाप्रत काढली जाते, तीत निळा आणि काळा एकच होतात. मग ‘कोयना’ ही नदी की ‘कोयनानगर’सारखे एखादे गाव, हे अक्षराच्या वळणावरूनच कळायचे असते.

तिरपे देवनागरी अक्षर हाताने एकसारखे काढणे कठीण असते. पहिले अक्षर थोडे कलते, चौथे बरेच कलते आणि नाव पडल्यासारखे दिसते. त्यासाठी गुण्यांचा उपयोग होतो. कंपासपेटीतील ४५ अंशांचा आणि ३० अंशांचा कोन एकमेकांना लावून ७५ अंशांचा कोन मिळतो. त्या कलाच्या फिक्या रेषा पेन्सिलीने पाच-पाच मिलिमीटरवर आखाव्यात आणि अक्षरांचे दंड व काने त्यांना समांतर ठेवावेत. याहून अधिक कल दिल्यास ‘म’, ‘न’, ‘ण’ ही दंडाची अक्षरे ओळखू येईनाशी होतात. शिरोरेषा कलत नाही; ती नावाच्या दिशेतच राहते.

नदीचे नाव तिच्या वळणाबरोबर लिहिले जाते. रोमन लिपीत यासाठी नदीला समांतर अशी खालची रेषा आखून तिच्यावर अक्षरे उभी करतात. मराठीत वरची रेषा आखावी, कारण अक्षरे तिला टांगली जातात आणि तीच पुढे शिरोरेषा होते. नदीच्या प्रत्येक लहान वळणाचा मागोवा घेऊ नये. नदीचा सर्वसाधारण कल दाखवणारा एकच सौम्य बाक काढावा, नाहीतर शिरोरेषा साप चालल्यासारखी दिसते आणि जोडाक्षरे फाटतात.

नाव नदीच्या कोणत्या बाजूस असावे? शिरोरेषा ही स्वतःच एक लांब, अखंड रेषा आहे. नाव नदीच्या खालच्या अंगाला, तिच्या अगदी जवळ लिहिले, तर शिरोरेषा नदीला समांतर धावते आणि नदीचा दुसरा काठ किंवा नदीकाठचा रस्ता असल्याचा भास होतो. म्हणून शक्य तेथे नाव नदीच्या वरच्या अंगाला असावे, म्हणजे प्रवाहाकडे अक्षरांचे तुटक पाय येतात. तेथे अडथळा उकार-ऋकारांचा. ‘कृष्णा’ या नावात ‘क’खाली ऋकार आहे, तो नदीला टेकू नये एवढे अंतर सोडून, म्हणजे अक्षराच्या पायापासून किमान तीन मिलिमीटरवर नदी ठेवावी.

कृष्णेचे नाव माहुली ते उंब्रज या टप्प्यात बसते. येथे पश्चिमेस महामार्ग नदीला धरून जातो, म्हणून नाव पूर्वेच्या मोकळ्या बाजूस घ्यावे. नदी या भागात वरून डावीकडून खाली उजवीकडे, बरीच उभी उतरते. तेव्हा नाव वरच्या टोकाशी सुरू करून प्रवाहाबरोबर खाली वाचले जाईल असे लिहावे. अक्षरांचे पाय नदीकडे आणि शिरोरेषा पूर्वेकडे राहते. शिवसागर जलाशयाचे नावही याच दिशेने वाचले जावे. एक नाव वरून खाली आणि शेजारचे खालून वर असेल, तर वाचकाला मान दोन्हीकडे वळवावी लागते. शिवसागर या प्रमाणावर लांबच लांब पण अरुंद दिसतो. त्याच्या निळ्या पट्ट्यात तीन मिलिमीटरची अक्षरे वर-खालच्या मात्रांसह मावत नाहीत, आणि कोंबली तर पाण्याच्या काठाशी शिरोरेषा मिसळते. त्यामुळे ते नाव जलाशयाच्या पूर्वेस, बाहेर लिहावे.

कोयना हे नाव जलाशयाजवळ न लिहिता पाटण आणि कराड यांच्या दरम्यान लिहावे, म्हणजे जलाशय आणि नदी यांची नावे एकमेकांत मिसळत नाहीत. या टप्प्यात पाटणहून येणारा रस्ता नदीच्या उत्तरेकडून येतो. वरची बाजू अशी भरलेली असल्याने नाव नाइलाजाने खाली, दक्षिणेस जाते. वरच्या अंगाला प्राधान्य देण्याचा नियम येथे सोडावा लागतो. त्याची भरपाई अंतर वाढवून करावी. ‘को’वरची मात्रा शिरोरेषेच्या वर दीड मिलिमीटर उठते. तिच्याही वर दोन मिलिमीटर मोकळे राहावेत, म्हणजे शिरोरेषा नदीपासून साडेतीन मिलिमीटर दूर पडते आणि जोडरेषेचा भास होत नाही. हेळवाकच्या काटकोनी वळणावर मात्र कोणतेही नाव वाकवू नये. तेथे अक्षरे एकमेकांवर आदळतात.

सह्याद्रीची ताणलेली अक्षरे

प्रदेशाचे किंवा डोंगररांगेचे नाव तिच्या विस्तारभर पसरून लिहितात, म्हणजे ते एका बिंदूचे नसून पट्ट्याचे आहे हे दिसते. रोमन लिपीत अक्षरे सुटीच असल्याने त्यांत अंतर वाढवणे सोपे असते. देवनागरीत शिरोरेषा आड येते. ती ताणून लांबवली, तर कागदावर एक लांब आडवी रेघ उमटते आणि मधूनमधून तिला अक्षरे लटकलेली दिसतात. डोंगराच्या पट्ट्यात ती हमखास वाट किंवा सीमा वाटते. म्हणून शिरोरेषा तोडावी आणि प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतंत्र तुकडा द्यावा. ‘सह्याद्री’चे तुकडे तीनच होतात : स, ह्या, द्री. ‘ह’ आणि ‘या’ सुटे करून किंवा वेलांटी मागे ठेवून चालत नाही. तीनच तुकडे असल्याने ते फार दूर नेता येत नाहीत. अक्षराच्या रुंदीच्या चौपट-पाचपटीपलीकडे अंतर गेले की डोळा पहिल्यावरून दुसऱ्यावर पोहोचत नाही, आणि ‘स’ हे एखाद्या शिखराचे चिन्ह वाटू लागते. ‘सह्याद्री पर्वत’ असे लिहिले, तर तुकडे वाढतात आणि नाव अधिक पसरते. रंग तपकिरी किंवा करडा, पेन बारीक, अक्षर सहा मिलिमीटरचे. आकाराने मोठे पण फिके असल्याने ते गावांच्या नावांवर मात करत नाही.

रस्ते आणि लिहिण्याचा क्रम

रस्त्यांना सर्वांत कमी शब्द लागतात. महामार्गाचा क्रमांक लहान चौकटीत, रस्ता तेवढ्यापुरता तोडून, आडवा लिहिला की पुरे. रस्त्याच्या वळणावर शब्द वाकवण्याची गरज राहत नाही. जुन्या नकाशात पुणे-बेंगळुरू महामार्गाचा क्रमांक ४ आढळेल. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, आणि हा भाग आता राष्ट्रीय महामार्ग ४८ चा आहे. आधाराला घेतलेले पत्रक कोणत्या वर्षीचे आहे, ते म्हणूनच पाहावे लागते. रस्ता चौकटीबाहेर जातो तेथे ‘पुण्याकडे’, ‘कोल्हापूरकडे’, ‘चिपळूणकडे’ असे तीन मिलिमीटरच्या सरळ, बारीक अक्षरांत लिहून बाण काढावा. हे शब्द समासात, नकाशाच्या चौकटीबाहेर असावेत. आत आले तर ती गावांची नावे वाटतात.

शाईने लिहिण्याचा क्रम बहुतेक विद्यार्थ्यांच्या सवयीच्या उलट आहे. प्रथम नद्या, रस्ते, वर्तुळे सर्व पेन्सिलीने काढावीत. नावे ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्यांवर, ठरलेल्या उंचीत लिहून कापावीत आणि नकाशावर सरकवून पाहावीत. ज्यांना हलायला जागा नाही अशांपासून, म्हणजे कराड आणि सातारा यांपासून, सुरुवात करावी. नदीचे नाव तिच्या कडेने मागेपुढे सरकू शकते आणि सह्याद्री तर बराच सरकू शकतो, म्हणून ती नंतर. जागा पक्क्या झाल्या की पट्टीच्या मागे पेन्सिल घासून नाव कागदावर उमटवावे. मग शाईने आधी नद्या, नंतर सगळी नावे आणि अगदी शेवटी रस्ते काढावेत. रस्ता आधी काढला, तर त्यावर नाव लिहिताना पांढऱ्या रंगाने रस्ता खोडण्याची वेळ येते.

पूर्ण झालेला नकाशा सातारा कधी न पाहिलेल्या एखाद्याच्या हाती द्यावा आणि त्याला प्रत्येक नावाचे वर्तुळ बोटाने दाखवायला सांगावे. जेथे बोट क्षणभर थांबते, ते नाव हलवायचे असते. अशा वेळी उंब्रजपाशी बोट थांबण्याचा संभव अधिक, कारण तेथे तारळी कृष्णेला मिळते आणि तारळीच्या नावाचा शेवट उंब्रजच्या सुरुवातीला येऊन भिडतो. तारळीचे नाव उगमाकडे, वायव्येस दोन सेंटिमीटर सरकवले की दोन्ही नावे सुटी होतात.